गणित ऑलिम्पियाडची वाट: परीक्षा केंद्रापासून सहा जणांच्या संघापर्यंत

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड दरवर्षी साधारण जुलै महिन्यात भरते आणि प्रत्येक देशाला तिथे जास्तीत जास्त सहा विद्यार्थी पाठवता येतात. भारतातून हे सहा जण निवडण्यासाठी परीक्षांची साखळी जवळपास वर्षभर चालते. तिचे पहिले तीन टप्पे परीक्षांचे आहेत. आधी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, मग आरएमओ ही प्रादेशिक परीक्षा आणि त्यानंतर आयएनएमओ ही राष्ट्रीय परीक्षा. चौथा टप्पा प्रशिक्षण शिबिराचा असतो आणि संघाची निवड त्या शिबिरातून होते. पहिली परीक्षा गणित शिक्षकांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे मॅथेमॅटिक्स टीचर्स असोसिएशन (इंडिया), घेते. पुढच्या टप्प्यांची धुरा मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. या उपक्रमाला अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचा आधार आहे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाली. भारताचा संघ तिथे पहिल्यांदा गेला तो १९८९ मध्ये, आणि १९९६ मध्ये ही स्पर्धा मुंबईत भरली होती. त्या काळात पहिली चाळणी प्रादेशिक परीक्षेचीच असे. बसणाऱ्यांची संख्या वाढत गेली तशी तिच्या आधी आणखी एक परीक्षा घ्यावी लागली, कारण हाताने लिहिलेल्या हजारो उत्तरपत्रिका बारकाईने तपासणे शक्य नव्हते. आजच्या टप्प्यांची रचना समजून घ्यायची तर हे एक कारण लक्षात ठेवावे. पहिली परीक्षा यंत्राने तपासता येते आणि पुढच्या परीक्षा माणसेच तपासतात.

पात्रतेच्या अटी आंतरराष्ट्रीय नियमांवरून ठरतात. स्पर्धेच्या वेळी विद्यार्थी वीस वर्षांच्या आतला असावा आणि त्याने विद्यापीठात किंवा तत्सम उच्च शिक्षणात प्रवेश घेतलेला नसावा, असा तिथला नियम आहे. म्हणून भारतातली जन्मतारखेची मर्यादा दरवर्षी एकेका वर्षाने पुढे सरकते. २०२५ च्या पात्रता परीक्षेतून निवडलेला संघ २०२६ च्या उन्हाळ्यात खेळणार, तेव्हा त्या परीक्षेसाठी जन्म १ ऑगस्ट २००६ किंवा त्यानंतरचा असणे आवश्यक होते. दुसरी अट इयत्तेची आहे. आठवी ते बारावीत शिकणारे विद्यार्थी बसू शकतात; बारावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात पदवीला गेलेले बसू शकत नाहीत. शेवटी भारताच्या संघातून जायचे असल्यामुळे नागरिकत्वाची अटही आहे. परदेशी पारपत्र असलेल्या मुलांच्या पालकांनी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातले नागरिकत्वाचे कलम नोंदणीपूर्वीच वाचून घ्यावे. कोणत्या बोर्डाची शाळा आहे याने काही फरक पडत नाही. राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई, सगळ्यांना दार सारखेच उघडे आहे. शाळेतल्या गुणांची किमान टक्केवारीही मागितली जात नाही.

आठवीच्या खालच्या मुलांसाठी हा मार्ग नाही. सहावीतल्या मुलाला गणिताची विलक्षण गोडी असली तरी त्याला दोन वर्षे थांबावे लागते. बारावीच्या मुलांची अडचण वेगळी आहे. ती पात्र असतात, कारण आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी त्यांची बारावी झालेली असली तरी पदवीचे वर्ग सहसा सुरू झालेले नसतात. परंतु राष्ट्रीय परीक्षा जानेवारीत येते, अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मुख्य परीक्षेचे पहिले सत्रही त्याच सुमारास असते, आणि प्रशिक्षण शिबिर नेमके उन्हाळ्यातल्या प्रवेश परीक्षांच्या दिवसांत भरते. म्हणून बरीच मुले बारावीत हा नाद सोडतात. ज्यांना ही वाट खरोखर चालायची आहे त्यांच्यासाठी नववी, दहावी आणि अकरावी ही तीन वर्षे सगळ्यात मोलाची.

नोंदणी पावसाळ्याच्या सुरुवातीला सुरू होते आणि ऑनलाइन असते. शाळा किंवा महाविद्यालय आधी परीक्षा केंद्र म्हणून नाव नोंदवते आणि विद्यार्थी त्या यादीतून आपले केंद्र निवडतो. स्वतःची शाळा केंद्र असेल तर उत्तमच. नसेल तर जवळच्या दुसऱ्या केंद्रावर बसता येते, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. आपल्या शाळेत हा प्रकार नाही असे समजून मुले घरी बसतात. प्रत्यक्षात तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी केंद्र असू शकते. फी अलीकडच्या वर्षांत प्रत्येकी ३०० रुपयांच्या आसपास राहिली आहे. नेमका आकडा त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असतो. प्रादेशिक आणि राष्ट्रीय परीक्षेसाठी पुन्हा फी भरावी लागत नाही, आणि शिबिराचा व परदेश प्रवासाचा खर्च सरकारी निधीतून होतो. घरच्यांना खरा खर्च पडतो तो दुसऱ्या गावच्या केंद्रावर जाण्यायेण्याचा.

नोंदणीत होणाऱ्या चुका साध्या असतात, पण महागात पडतात. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरी असेल तर पुढच्या टप्प्यात कागदपत्रे तपासताना अडचण उभी राहते. विभाग किंवा इयत्ता चुकीची भरली, तर निवडही चुकीच्या यादीत मोजली जाते. मुदत संपल्यावर मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन धावपळ केल्याने काम होत नाही. नोंदणी होताच अर्जाची प्रत काढून ती दाखल्याशी ताडून पाहणे एवढाच त्यावर उपाय.

पात्रता परीक्षा साधारण सप्टेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी होते. वेळ तीन तास, प्रश्न ३०, गुण १००. त्यातले दहा प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, दहा तीन गुणांचे आणि दहा पाच गुणांचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पर्याय दिलेले नसतात, पण प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या असते आणि ओएमआर पत्रिकेवर तिचे दोन्ही अंक गोल भरून दाखवायचे असतात. अभ्यासक्रम म्हणजे अंकगणिताच्या पुढचा संख्या सिद्धांत, बीजगणित, भूमिती आणि मोजणीचे गणित. कलन येत नाही. त्यामुळे नववीचा विद्यार्थी अकरावीच्या विद्यार्थ्यापेक्षा मागे पडतोच असे नाही.

दोन टप्प्यांतला फरक एका छोट्या उदाहरणाने कळतो. समजा, जिल्ह्याच्या गावी नववीत शिकणाऱ्या एका मुलीला पहिल्या परीक्षेत असा प्रश्न आला: ६, ७, ८ आणि ९ यांच्या गुणाकारात १ मिळवला तर येणारी संख्या कोणत्या संख्येचा वर्ग आहे? तिने सरळ गुणाकार केला. ३०२४ आले, त्यात १ मिळवून ३०२५, आणि हा ५५ चा वर्ग. ५ आणि ५ हे दोन गोल भरले की गुण मिळाले. हाच प्रश्न १, २, ३, ४ बद्दल असता तर उत्तर ५ आले असते, आणि तिथे ०५ असे भरावे लागते. शून्याचा गोल रिकामा सोडून बरोबर उत्तराचे गुण गमावणारी मुले दरवर्षी असतात. खऱ्या प्रश्नपत्रिकेतले प्रश्न यापेक्षा बरेच अवघड असतात, पण तपासणीची पद्धत हीच. उत्तर कसे काढले हे इथे कोणी विचारत नाही.

पहिल्या परीक्षेचा निकाल लागल्यावर देशभरची एकच गुणवत्ता यादी लागत नाही, आणि इथेच पालकांचा गोंधळ उडतो. निवड विभागवार होते. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक विभाग धरला जातो. केंद्रीय विद्यालये आणि जवाहर नवोदय विद्यालये यांचे विभाग वेगळे असतात. त्यामुळे एकाच जिल्ह्यातल्या दोन मुलांची, एक राज्य मंडळाच्या शाळेतला आणि दुसरा नवोदयमधला, तुलना एकमेकांशी होतच नाही. आठवी ते अकरावीची एक यादी असते आणि बारावीच्या मुलांची वेगळी, जागांनी लहान. मुलींची संख्या वाढावी म्हणून त्यांच्यासाठी काही वाढीव जागा ठेवतात. म्हणून कट-ऑफ एकच नसतो. विभाग, इयत्ता आणि मुलगा की मुलगी यांनुसार तो बदलतो. ज्या विभागात तयारी करणारे जास्त, तिथे तो वर चढतो. शेजारच्या राज्यातल्या भावंडाला कमी गुणांवर बोलावणे आले म्हणून निकाल चुकला असे समजू नये. तो भावंडाच्या विभागाचा आकडा असतो.

प्रादेशिक परीक्षा ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला होते. वेळ पुन्हा तीन तास, पण प्रश्न फक्त सहा, आणि प्रत्येकाचे उत्तर पायऱ्यांसह पूर्ण लिहायचे. मघाच्याच मुलीला इथे कसा प्रश्न येईल? सलग चार नैसर्गिक संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की नेहमी पूर्ण वर्गच मिळतो, हे सिद्ध करा. आता ६, ७, ८, ९ करून दाखवून भागत नाही. वीस उदाहरणे दिली तरी तपासनीस गुण देणार नाही, कारण एकविसाव्या उदाहरणाची खात्री त्यातून मिळत नाही. तिला पहिली संख्या n धरावी लागते. मग टोकाच्या दोन संख्यांचा गुणाकार एकत्र आणि मधल्या दोघींचा एकत्र करायचा:

n(n+3) = n² + 3n
(n+1)(n+2) = n² + 3n + 2

या दोन गुणाकारांत फरक नेमका २ चा आहे. पहिल्याला m म्हटले तर दुसरा m+2 होतो आणि

m(m+2) + 1 = (m+1)²

म्हणजे चारही संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की जो वर्ग येतो तो n² + 3n + 1 या संख्येचा. n च्या जागी ६ घातले की ३६ + १८ + १ = ५५, पहिल्या परीक्षेतले उत्तर. उत्तर तेच राहिले, पण आता ते का येते हे कागदावर आहे आणि ते कोणत्याही n साठी खरे आहे.

या टप्प्यावर मुले गळतात ती बहुतेक इथेच. पहिल्या परीक्षेची तयारी शिकवणीच्या वर्गात प्रश्न सोडवून होते. सिद्धता लिहिणे मात्र कोणी शिकवलेलेच नसते. उत्तर मनात असते आणि कागदावर चार तुटक ओळी उतरतात. ‘समजा’ कुठे म्हटले, कोणती गोष्ट आधी सिद्ध झाली आणि कोणती नुसती गृहीत धरली, हे वाचणाऱ्याला कळत नाही. आपल्या शाळांमध्ये भूमितीच्या सिद्धता पाठ करण्याची सवय लावली जाते, स्वतःची सिद्धता मांडण्याची नाही, आणि त्याची किंमत ही मुले इथे मोजतात. हे एका वर्षात भरून निघत नाही. म्हणून आरएमओला पहिल्यांदा बसणाऱ्याने मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन पूर्ण उत्तरे लिहावीत आणि ती दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावीत. होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये उभ्या केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानने ऑलिम्पियाडच्या मार्गदर्शनाचे काम अनेक वर्षे केले आहे.

प्रादेशिक परीक्षेतूनही पुन्हा विभागवार निवड होते आणि निवडलेले विद्यार्थी जानेवारीत, साधारण तिसऱ्या रविवारी, आयएनएमओला बसतात. इथेही प्रश्न सहाच, पण वेळ जास्त, चार ते साडेचार तास. प्रश्नांची उंची एकदम वाढते. सहापैकी दोन प्रश्न पूर्ण सुटले तरी तो दिवस चांगला गेला असे जाणकार म्हणतात. या टप्प्यापासून विभागांचा हिशेब मागे पडतो आणि राष्ट्रीय पातळीवरची गुणवत्ताच मोजली जाते. त्यातून काही डझन विद्यार्थी उन्हाळ्यातल्या प्रशिक्षण शिबिरासाठी बोलावले जातात. शिबिर काही आठवडे चालते. तिथे व्याख्याने आणि प्रश्न सोडवण्याची सत्रे असतात, शिवाय निवड चाचण्याही होतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसारख्याच या चाचण्यांतल्या कामगिरीवरून सहा नावे ठरतात. प्रत्यक्ष स्पर्धेत लागोपाठ दोन दिवस रोज साडेचार तासांत तीन प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येक प्रश्न सात गुणांचा, एकूण ४२. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे भारताच्या संघाने चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळवून चौथे स्थान घेतले. ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी. मुलींसाठी युरोपीय मुलींचे गणित ऑलिम्पियाड ही वेगळी स्पर्धाही आहे. तिथे चार जणींचा संघ जातो आणि त्याची निवडही याच परीक्षांच्या साखळीतून होते.

विज्ञानाची साखळी याच धर्तीची आहे, पण तिचे टप्पे कमी. भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना, म्हणजे इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स, नोव्हेंबरमध्ये भौतिक, रसायन, जीवशास्त्र, खगोल आणि कनिष्ठ विज्ञान या विषयांच्या प्रत्येकी दोन तासांच्या परीक्षा घेते. प्रत्येक विषयाची नोंदणी आणि फी वेगळी, म्हणून दोन विषय दिले तर फी दुप्पट होते. त्यानंतर जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत होमी भाभा केंद्राची राष्ट्रीय परीक्षा आणि मग मुंबईतले शिबिर. मध्ये वेगळी प्रादेशिक परीक्षा नाही. प्रदेशांचा समतोल गुणांच्या हिशेबातच साधला जातो. त्या विषयात देशातल्या पहिल्या दहा जणांच्या गुणांची सरासरी काढतात. समजा ती १८० आली. तिच्या ८० टक्के, म्हणजे १४४ किंवा जास्त गुण मिळवणारा विद्यार्थी कोणत्याही राज्यातला असो, पुढे जातो. ५० टक्के, म्हणजे ९० पेक्षा कमी गुण असतील तर तो बाहेर. ९० ते १४४ मधल्यांची निवड राज्याच्या कोट्यानुसार होते आणि त्या राज्यातून किती जण बसले होते हे त्यात मोजले जाते. गेल्या काही वर्षांत ही पद्धत चालू आहे. कनिष्ठ विज्ञानाला वयाची अट कडक आहे. स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला विद्यार्थी सोळा वर्षांच्या आतला असावा लागतो. त्यामुळे दहावीतले सगळेच विद्यार्थी त्यात बसतात असे नाही, आणि वर्गमित्राला चालते म्हणून आपल्यालाही चालेल असे धरून फी भरणारे फसतात.

शाळांतून वाटली जाणारी ‘ऑलिम्पियाड’ची बहुतेक पत्रके मात्र या साखळीतली नसतात. खासगी संस्थांच्या परीक्षा पहिलीपासून घेतल्या जातात, दर विषयाला साधारण शंभर-दोनशे रुपये घेतात, शाळेतच वर्गात पहिली फेरी होते आणि वरचे काही टक्के दुसऱ्या फेरीला जातात. त्यांत पदके आणि प्रमाणपत्रे मिळतात, लहान मुलांना सरावही होतो. पण काहींच्या नावाची अक्षरे आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या ‘आयएमओ’ या अक्षरांशी तंतोतंत जुळतात, आणि शाळेच्या फलकावरचा ‘आंतरराष्ट्रीय क्रमांक’ पाहून पालकांना वाटते की मूल देशाच्या संघाच्या जवळ पोहोचले. त्या परीक्षांचा राष्ट्रीय संघाच्या निवडीशी काही संबंध नाही. ओळखायची खूण सोपी आहे. आठवीच्या खालची मुले बसू शकत असतील, किंवा सगळ्या टप्प्यांत फक्त पर्यायी प्रश्न असतील, तर ती परीक्षा या वाटेवरची नव्हे. महाराष्ट्रात आणखी एक गल्लत होते ती होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची. सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना ती घेते. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, कृती संशोधन आणि मुलाखत असे तिचे टप्पे आहेत आणि ती कष्टाची आहे. पण मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राच्या परीक्षांशी तिचे साम्य फक्त नावापुरतेच आहे, आणि तिच्यातले पदक घेऊन आयएनएमओला थेट प्रवेश मिळत नाही. राष्ट्रीय संघाकडे जाऊ पाहणाऱ्या नववीतल्या मुलाला सप्टेंबरमधली पात्रता परीक्षा वेगळी द्यावीच लागते.